दूध संस्थेच्या अ‍ॅपचा पीआरडी: संचालक मंडळाला वाचून, समजून मंजूर करता येईल असा कसा लिहायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एका गावातल्या प्राथमिक दूध संस्थेचं मोबाईल अ‍ॅप करायचं काम हातात आलंय. सभासद साडेतीनशेच्या आसपास, संकलन सकाळ-संध्याकाळ, दहा दिवसांनी बिल. सभासदाला आपलं माप, फॅट, फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग म्हणजे एसएनएफ, दर आणि बिल फोनवर दिसावं, एवढीच मूळ मागणी. अ‍ॅप बनवणारी दोन पोरं वेगळी आहेत. माझं काम पीआरडी, म्हणजे अ‍ॅपने काय आणि कसं करायचं याचा लेखी दस्तऐवज, लिहिणं आणि तो संचालक मंडळाकडून मंजूर करून घेणं. मंडळात तेरा जण. त्यातले दोघे पदवीधर, बाकीचे शेती-जनावरं बघणारे. हिशेबाला मात्र सगळे पक्के.

विचारायचं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेसाठी मी असाच पीआरडी लिहिला होता, बेचाळीस पानांचा. मासिक सभेत विषय आला, अध्यक्षांनी पानं चाळली, "खर्च किती येईल?" एवढं विचारलं आणि चहा यायच्या आत सह्या झाल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पहिलं बिल निघालं आणि एक बाई वही घेऊन ऑफिसात आल्या. त्यांनी प्रत्येक वेळचं काट्यावरचं वजन पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. एका सकाळी ७.६७ किलो. जुन्या कॉम्प्युटरची पावती त्याला ७.४५ लिटर म्हणायची, आमचं अ‍ॅप ७.४ म्हणत होतं. दर ३३.९० होता, म्हणजे एका वेळेला एक रुपया सत्तर पैसे कमी. त्या म्हणाल्या, "भाऊ, पाच पॉइंट गेले कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. पोरांनी एकच दशांश स्थळ ठेवून पुढचं छाटून टाकलं होतं, आणि तसं करू नका असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या दस्तऐवजात एवढंच वाक्य होतं: "प्रणाली वजनाचे लिटरमध्ये रूपांतर करून दरपत्रकानुसार देय रकमेची गणना करेल." तेरा सह्या त्या वाक्याखाली होत्या.

त्या सह्यांना तशी काही किंमत नव्हती, कारण त्या वाक्यात चूक सापडेल असं काही नव्हतंच. आता पुन्हा तसं करायचं नाहीये. ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांना खरोखर "हो, हेच पाहिजे" किंवा "नाही, हे चुकलंय" म्हणता येईल असा पीआरडी कुणी लिहिला असेल तर सांगा.

---

निनाद_कोड

दादा, कागद कुणी वाचत नाही हे आधी मान्य करा. आमच्याकडे आम्ही स्क्रीनची चित्रं करतो, फोनवर टाकतो, क्लायंटच्या हातात फोन देतो. दाबून बघा म्हणायचं. पंधरा-वीस चित्रांत सगळं अ‍ॅप दिसतं, लिखाणाची गरजच पडत नाही. तुमच्या संचालकांना पण तेच जमेल. बेचाळीस पानं मी इंजिनिअर असून वाचणार नाही.

---

मृण्मयी_के

कृष्णाकाठ, मंजुरीचं मी नुकतंच केलंय म्हणून सांगते. आमच्या बचत गटाचं छोटं अ‍ॅप माझ्या भाच्याने केलं. प्ले स्टोअरवर वैयक्तिक खातं नवीन असेल तर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, मगच अ‍ॅप सगळ्यांसाठी सोडता येतं. आमच्या गटातल्या चौघींनी मध्येच बाहेर पडायचं बटण दाबलं आणि दिवस पुन्हा मोजावे लागले. तेव्हा आधीच पंधरा-सोळा जणी घ्या.

---

कृष्णाकाठ

मृण्मयीताई, मी संचालक मंडळाच्या मंजुरीबद्दल विचारत होतो, प्ले स्टोअरच्या नव्हे. पण हे बरं झालं, माझ्या डोक्यातच नव्हतं. खातं संस्थेच्या नावाने काढायचं की त्या पोरांच्या, हाही प्रश्न मंडळापुढे ठेवायला हवा.

---

मृण्मयी_के

हो का, मी घाईत वाचलं. पण खातं संस्थेच्याच नावाने काढा हो. संस्थेच्या खात्याला ती १४ दिवसांची अट नाही, फक्त कागदपत्रं जास्त लागतात. आणि उद्या मुलं नोकरीला लागून निघून गेली तर अ‍ॅप त्यांच्याबरोबर जायला नको.

---

वर्षा_बीए

मी गेली सोळा वर्षं हेच काम करते, बँका आणि सहकारी पतसंस्थांसाठी. कृष्णाकाठ, तुमचं निदान बरोबर आहे. ज्या वाक्यात चूक सापडू शकत नाही ते वाक्य मंजूर करता येत नाही. "प्रणाली गणना करेल" याला कोण नाही म्हणेल?

निनाद, चित्रांचं मी पुढे बोलते, आधी मूळ मुद्दा.

तुमचे संचालक प्रोग्रॅमर नाहीत, पण हिशेब तपासणारे आहेत. तेव्हा त्यांच्यापुढे हिशेबच ठेवायचा. प्रत्येक नियम एका साध्या वाक्यात लिहा आणि त्याच्याखाली त्यांच्याच वहीतली एक नोंद उदाहरण म्हणून घ्या. तुमचं ते वाक्य मी असं लिहीन:

> नियम ४. काट्यावरच्या किलोला १.०३ ने भागून लिटर काढायचे. लिटर दोन दशांशापर्यंत, तिसरा आकडा पाच किंवा जास्त असेल तर वर. रक्कम पैशापर्यंत, तीच पद्धत.
>
> उदाहरण ४. सभासद ११२, गाय, ३ तारीख, सकाळ. काटा ७.६७ किलो. फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दरपत्रकातला दर ३३.९०.
> लिटर: ........ रक्कम: ........

बघा, उत्तराच्या जागा मी मोकळ्या ठेवल्यात. सगळं इंगित त्या मोकळ्या जागेत आहे. तुम्ही ७.४५ आणि २५२.५६ छापून दिलं तर सगळे मान हलवतील. छापलेला आकडा कुणी तपासत नाही. मोकळी जागा दिली की पेन हातात घ्यावा लागतो. सचिव, संकलन करणारा मुलगा आणि दोन संचालक, अशा चौघांना सभेच्या आधी वेगवेगळं बसवून भरायला सांगा. चौघांचं एकच उत्तर आलं तर तो नियम तुम्हाला समजलाय. दोन उत्तरं आली तर अ‍ॅपचा प्रश्न नंतर, आधी संस्थेतच तो नियम ठरलेला नाही.

पहिल्या फेरीत मात्र उदाहरणं एकटीच द्यायची, वरचा नियम झाकून ठेवायचा. नाहीतर ते तुमचा नियम वाचून उत्तर काढतील, आणि तुम्हाला त्यांची पद्धत हवी आहे.

---

निनाद_कोड

उदाहरणं ठीक आहेत ताई, पण चौदा उदाहरणांनी चौदा हजार प्रसंग झाकले जात नाहीत. मला कोड लिहायला नियम लागतो. उदाहरणावरून मी नियम ओळखायला गेलो तर माझ्या मनाने ओळखणार, आणि मग पुन्हा तेच ७.४.

---

वर्षा_बीए

ते बरोबर, म्हणून दोन्ही हवं. नियम तुमच्यासाठी, उदाहरण त्यांच्यासाठी, आणि दोन्ही एकाच कागदावर एकाच क्रमांकाखाली. मी बरेच ठिकाणी पाहिलंय की मंडळासाठी एक सोपा कागद आणि प्रोग्रॅमरसाठी दुसरा जाड कागद असतो. तीन महिन्यांत दोन्ही कागद वेगळं बोलायला लागतात आणि भांडणात प्रत्येक जण आपल्या सोयीचा कागद काढतो. तांत्रिक कागद वेगळा असू दे, पण त्यात नियम पुन्हा लिहायचा नाही, फक्त "नियम ४ प्रमाणे" म्हणायचं.

राहिलं चौदा हजार प्रसंगांचं. उदाहरणं सरळ दिवसाची घेऊच नका, कडेची घ्या. नियम जिथे वाकतो तिथली. रोजच्या सात लिटरचा हिशेब कुणीही बरोबर करतं.

आणि चित्रं. चित्रं जरूर दाखवा, बटण कुठे, अक्षर केवढं, हे चित्राशिवाय ठरत नाही. पण चित्रात आकडा आधीच लिहिलेला असतो आणि तो नेहमी गोड असतो: १० लिटर, ३५ रुपये, ३५० रुपये. ७.६७ चं काय झालं ते चित्र सांगत नाही. शिवाय फोन हातात दिला की सभा रंगावर जाते. एका पतसंस्थेत पाऊण तास बोधचिन्ह डावीकडे की मध्ये यावर गेला आणि व्याज कुठल्या तारखेपासून धरायचं हा विषय पुढच्या सभेवर गेला.

---

सचिव_आप्पा

राम राम. मी स्वतः दूध संस्थेचा सचिव आहे, बावीस वर्षं झाली. वर्षाताईंनी कडेची उदाहरणं म्हटलं, ती मी देतो. कृष्णाकाठ, लिहून घ्या.

एक. बिल दहा दिवसांचं म्हणतो आपण, पण तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असतं. ३१ चा महिना असेल तर अकरा दिवस, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. तुमच्या पोरांनी "दहा दिवस" वाचून सरळ दहा मोजले तर ३१ तारखेचं दूध पुढच्या बिलात जातं.

दोन. सभासद नंबर चुकतो. ११२ चं दूध १२१ वर पडतं. पहाटे साडेपाचला रांग लागलेली असते, पोरगं घाईत असतं. आमच्याकडे संकलन चालू आहे तोवर पोरगं दुरुस्त करू शकतं. एकदा टँकर भरून वेळ बंद झाली की फक्त सचिव, आणि दोन्ही सभासदांना सांगून. अ‍ॅपमध्ये हे नसेल तर कोण कधी काय बदलेल सांगता येणार नाही. आणि १२१ च्या फोनवर तोपर्यंत मेसेज गेलेला असणार, त्याचं काय?

तीन. दूध नासलेलं निघालं, परत केलं. नोंद करायची का? आम्ही करतो, लिटर लिहितो, दर शून्य, शेरा "परत". नाहीतर सभासद म्हणतो मी दूध घातलं होतं.

चार. दरपत्रक बदलतं. नवा दर ११ तारखेच्या सकाळपासून लागू, पण पत्र हातात पडतं १३ ला. दोन दिवसांचे चार मेसेज जुन्या दराने गेलेले असतात.

पाच. लाइट नाही, नेट नाही. काटा बॅटरीवर चालतो, फॅट मशीनही चालतं. अ‍ॅप चालतं का?

सहावं सगळ्यात अवघड, ते नंतर लिहितो, टँकर आलाय.

---

देवगडकर

दुधातलं मला काही कळत नाही, पण शब्दांचं एक सांगतो. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीने मेंटेनन्सचं अ‍ॅप केलं. कागदावर लिहिलं होतं, "रक्कम भरल्यावर थकबाकी शून्य दिसेल." खजिनदार म्हणायचे भरली म्हणजे चेक वठला. सभासद म्हणायचे भरली म्हणजे चेक पेटीत टाकला. बनवणाऱ्याने तिसरंच धरलं होतं: खजिनदारांनी नोंद केली की भरली. चार महिने वाद. विलंब शुल्क लागलेले लोक अजून रागावून आहेत.

तुमच्याकडे "बिल" म्हणजे काय? कागद, रक्कम, की बँकेत जमा झालेले पैसे?

---

कृष्णाकाठ

देवगडकर, चांगलं टोकलंत. मी आजच सचिवांना फोन केला. त्यांच्या तोंडी "बिल झालं" म्हणजे हिशेब पक्का झाला, आणि "बिल आलं" म्हणजे पैसे बँकेत आले. दोन्हींत तीन-चार दिवसांचं अंतर. माझ्या कच्च्या खर्ड्यात दोन्हीकडे "बिल तयार" लिहिलं होतं. आता सभासदाच्या स्क्रीनवर "हिशेब झाला" आणि "पैसे बँकेकडे पाठवले" असे दोनच शब्द ठेवतो. पैसे खात्यात पडले की नाही हे अ‍ॅपला कळणारच नाही, तेव्हा तसा शब्द वापरायचा नाही.

आप्पा, तुमची पाचही उदाहरणं उचलली. सहाव्याची वाट बघतो.

---

निनाद_कोड

आप्पांच्या मेसेजच्या मुद्द्यावर एक भर घालतो, यात माझा हात बसलेला आहे. एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरंच मावतात, इंग्रजी अक्षरांत १६० मावतात. आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. ७० च्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. साडेतीनशे सभासद, दिवसाला दोन वेळा, तीस दिवस, म्हणजे महिन्याला २१,००० मेसेज. मजकूर थोडा लांबला की थेट ४२,०००. "सभासदास संकलनाची सूचना मिळेल" या वाक्यात हा खर्च दिसत नाही.

दुसरं, असे मेसेज पाठवायला मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर शब्द बदलायचे तर पुन्हा नोंदणी. म्हणून मेसेजचा मजकूर मंडळाने अक्षरन् अक्षर मंजूर केलेला बरा. मी करून बघितलं:

```
११२ गाय स ७.४५लि फॅ३.८ एसएनएफ८.५ दर३३.९० रु.२५२.५६
```

हे मोजून ५० भरतं. तारीख आणि संस्थेचं छोटं नाव बसेल.

---

वर्षा_बीए

निनाद, हे फार कामाचं. मंडळाला मजकूर दाखवताना खाली एक ओळ घाला: "याहून वीसपेक्षा जास्त खुणा वाढल्या तर मेसेजचा महिन्याचा खर्च दुप्पट." ज्या निवडीला पैसे लागतात तिथे पैसा त्याच पानावर दिसला पाहिजे. खर्चाचा तक्ता शेवटी वेगळा दिला की अध्यक्ष फक्त तोच उघडतात, आणि मागच्या वेळी तुमच्याकडे झालं तेच होतं.

आणि "काय होणार नाही" याचं एक पान करा. हे पान मंडळी सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचतात. अ‍ॅप दर ठरवणार नाही. अ‍ॅप पैसे पाठवणार नाही. फॅट मशीनचा आकडा अ‍ॅप तपासणार नाही, मशीन जे सांगेल तेच घेईल. सभासदाला दुसऱ्याचं दूध दिसणार नाही. लोकांच्या मनात अ‍ॅपबद्दल ज्या आशा असतात त्या पीआरडीत नसतातच, म्हणून त्या कुणी खोडतही नाही. सभेत कुणीतरी म्हणेल, "म्हणजे फॅट कमी लागली तर अ‍ॅप सांगणार नाही?" तेव्हाच नाही म्हणून टाका.

---

सचिव_आप्पा

टँकर गेला. आता सहावं.

सभासदाने संस्थेतून पशुखाद्य उचललेलं असतं, कधी आगाऊ रक्कम घेतलेली असते. ती बिलातून कापायची. पण बिलच कपातीपेक्षा कमी आलं तर? म्हैस आटलेली असते, गाय भाकड असते, घरात दोनच लिटर दूध निघतं. कागदावर सोपं आहे, सगळं बिल कापा, उरलेलं पुढे ओढा. पण त्या घरात त्या दहा दिवसांत दुसरा पैसा येणार नसतो. आम्ही माणूस बघून करतो. कुणाचं अर्धं कापतो, कुणाचं एक बिल पूर्ण सोडतो, कुणाचं सगळं कापतो कारण त्याच्याकडे दुसरी मिळकत आहे हे गावाला माहीत असतं. हे मी कुठल्या नियमात लिहू? आणि लिहिलं तर उद्या माझ्या हातात काही राहणार नाही.

कागद वाचण्याबद्दलही एक. आमचे दोन संचालक सत्तरीचे आहेत. बारीक अक्षर दिलंत तर ते वाचल्यासारखं करतील, पण वाचणार नाहीत. मोठं अक्षर, एका पानावर एकच नियम. अजेंड्याबरोबर आठ दिवस आधी घरी पोचवा. आणि सभेत एकाने मोठ्याने वाचावं, ते काम मात्र तुम्ही करू नका. संस्थेच्याच माणसाने वाचावं. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य सुधारा.

---

कृष्णाकाठ

बारा दिवसांनी लिहितोय. पहिली फेरी करून आलो, झालं ते सांगतो.

चौदा उदाहरणं घेऊन गेलो, एका पानावर एक, उत्तरं मोकळी, नियम झाकलेले. सचिव, संकलन करणारा मुलगा, उपाध्यक्ष आणि एक महिला संचालक, चौघांना दूध डेअरीच्या वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कॅल्क्युलेटर दिला. पाऊण तास लागला.

चौदापैकी नऊ उदाहरणांत चौघांचं उत्तर एकच आलं. ती नऊ पानं मी बाजूला ठेवली, त्यावर सभेत बोलायचंच नाही, फक्त वाचून दाखवायची.

७.६७ किलोच्या उदाहरणात तिघांनी ७.४५ लिहिलं. मुलाने ७.४४ लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "काटा जोडलेला कॉम्प्युटर मला ७.४४ दाखवतो, मी रोज तेच बघतो." जाऊन बघितलं तर खरंच. कॉम्प्युटर तिसरा आकडा छाटत होता. म्हणजे सचिव ज्या पद्धतीने समजत होते त्या पद्धतीने त्यांच्याच संस्थेत हिशेब होत नव्हता, आणि हे अ‍ॅप यायच्या आधीपासूनचं. सचिव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे सभेत मीच सांगतो." सांगितलं त्यांनी. ७.४५ ची पद्धत ठरली, पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून कॉम्प्युटरलाही.

दर बदलाच्या उदाहरणात चारही उत्तरं वेगळी होती. चर्चेनंतर ठरलं: दर ज्या वेळेपासून लागू, त्या वेळेपासूनचा हिशेब अ‍ॅप आपोआप नव्या दराने करेल, पण जुने चार मेसेज पुन्हा पाठवायचे नाहीत. त्याऐवजी एकच मेसेज जाईल: "११ तारखेपासून नवा दर, बिलात फरक दिसेल." हे सुचलं महिला संचालकांना. त्या म्हणाल्या, एकाच दुधाचे दोन मेसेज आले तर घरात सासू विचारते दोनदा दूध घातलं का.

नेट नसण्याच्या उदाहरणावर कुणालाच शंका नव्हती. चौघांनीही लिहिलं, "दूध थांबणार नाही." हे वाक्य मी तसंच नियम म्हणून घेतलं, आणि खाली पोरांसाठी: नेट नसताना निदान दोन पूर्ण वेळांच्या नोंदी फोनमध्ये राहाव्यात, नेट आल्यावर आपोआप जाव्यात, आणि गेल्या की नाही हे संकलन करणाऱ्याला एका खुणेने दिसावं.

अडकलो ते आप्पांच्या सहाव्यावर. उदाहरण ९ असं होतं: बिल १,८४० रुपये, पशुखाद्य २,४००, आगाऊ रकमेचा हप्ता ५००. सभासदाला किती मिळणार, पुढे किती ओढायचे? उपाध्यक्षांचं उत्तर: शून्य मिळणार, १,०६० पुढे. महिला संचालकांचं: अर्धे ९२० हातात द्यायचे, १,९८० पुढे. सचिवांनी उत्तर लिहिलंच नाही, "कोणाचं बिल आहे?" एवढंच लिहिलं. सभेत यावर तासभर झाला आणि ठरलं नाही.

---

वर्षा_बीए

७.४४ चा प्रकार वाचून अंगावर काटा आला. सचिवांनी स्वतः सांगितलं याचं मोठं कौतुक.

उदाहरण ९ अनिर्णित आहे तर अनिर्णित म्हणूनच दस्तऐवजात ठेवा. पान काढून टाकू नका आणि तुमच्या मनाने भरूही नका. त्या पानावर लिहा: काय ठरलेलं नाही, कोण ठरवणार, कुठल्या तारखेच्या सभेत, आणि तोपर्यंत अ‍ॅप काय करणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोकळी जागा प्रोग्रॅमर मोकळी ठेवत नाही, त्याला काहीतरी लिहावंच लागतं.

ठरावात आवृत्ती आणि पानं येऊ द्या. "अ‍ॅपच्या मसुद्यास मंजुरी" असं मोघम नको. "आवृत्ती ३, पाने १ ते १९, नियम १ ते १४ पैकी नियम ९ सोडून सर्व मंजूर" असं. नंतर बदल झाला तर त्या नियमाचं पान बदलायचं, जुनं पान रेघ मारून फाइलला ठेवायचं. पूर्ण दस्तऐवज पुन्हा मंजुरीला आणला की लोक पुन्हा वाचेनासे होतात.

---

निनाद_कोड

मला ९ वर एक पर्याय सुचतो. मूळ नियम "अर्धं कापा" ठेवा, आणि सचिवांना तो बदलायची सोय द्या. म्हणजे अ‍ॅप अडणार नाही आणि आप्पा म्हणतात तसा हातही राहील. बिलं अडवून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. साडेतीनशेपैकी चाळीस बिलं सचिवांसाठी थांबली आणि सचिव आजारी पडले तर?

---

सचिव_आप्पा

निनादराव, सोय चांगली आहे, पण एक अनुभव सांगतो. एकदा यंत्राने अर्धं म्हटलं की तेच बरोबर ठरतं. मग मी एखाद्याचं पूर्ण बिल सोडलं तर बाकीचे विचारणार, याला का, मला का नाही? आज कुणी विचारत नाही कारण मूळ आकडाच कुठे लिहिलेला नाही. हे चांगलं की वाईट मला सांगता येत नाही. पण लिहिल्यावर फरक पडणार एवढं मला ठाऊक आहे.

---

देवगडकर

आप्पा, माफ करा, पण सभासदाच्या बाजूने बघितलं तर मूळ आकडा लिहिलेला असणंच बरं. आज तुम्ही आहात आणि माणूस बघून करता. उद्या दुसरा सचिव माणूस बघूनच उलटं करेल.

---

वर्षा_बीए

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि हा निर्णय पीआरडी लिहिणाऱ्याचा नाही. निनादचा पर्याय हा एक पर्याय म्हणून मंडळापुढे ठेवा, उपाध्यक्षांचा दुसरा, आत्ताची पद्धत तिसरी. तिन्हींखाली तेच १,८४० चं बिल सोडवून दाखवा, आणि शक्य झालं तर मागच्या उन्हाळ्यातल्या एका खऱ्या बिलावरची अशी सगळी प्रकरणं, नावं झाकून. किती घरांना किती फरक पडतो ते दिसलं की चर्चा वेगळी होते.

---

कृष्णाकाठ

तसंच करतो. सचिवांकडून मागच्या मे महिन्याची तिन्ही बिलं मागवली आहेत, नावं आणि नंबर झाकून देतो म्हणाले. सभा २४ तारखेला. तोपर्यंत पान ९ वर एवढं लिहिलंय: "ठरेपर्यंत कपात बिलापेक्षा जास्त असेल तर अ‍ॅप ते बिल सचिवांपुढे ठेवील, आकडा सचिव भरतील. सचिव नसतील तर उपाध्यक्ष." पोरांनाही सांगून ठेवलंय की या जागी मनाने काही धरायचं नाही.

---

सचिव_आप्पा

एक राहिलं. सचिवाने आकडा भरला की सभासदाच्या फोनवर काय दिसणार? "कपात ९२०" एवढंच, की "कपात ९२०, सचिवांनी ठरवली"? माझं नाव दिसलं तर लोक माझ्या दारात येतील, नाही दिसलं तर यंत्राने कापले म्हणतील.

---

कृष्णाकाठ

आप्पा, हे चौदांत कुठेच नव्हतं. पंधरावं उदाहरण म्हणून घालतोय, उत्तराची जागा मोकळी ठेवून.